एका पुढच्या दाताच्या तीन कॅप: फोटोंमुळे बिघडलेली आणि फोटोंमुळेच सावरलेली केस

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. खुर्ची एकच, सहायकही एकच, आणि क्राउन-ब्रिजचं सगळं काम कुरिअरने पुण्याच्या लॅबला जातं. ही केस एका शिक्षिकेची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गावात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात, मीही तसंच म्हणतो.

बाईंचं वय ३४. कॉलेजात असताना पडून वरचा डावा मधला दात, म्हणजे २१ नंबर, दुखावला होता. तेव्हा त्याची रूट कॅनाल झाली आणि वर धातूवर पोर्सेलीन चढवलेली कॅप बसली. बारा-तेरा वर्षांत हिरडी थोडी वर सरकली आणि कॅपची काळसर कड उघडी पडली. “वर्गात हसताना हात तोंडावर जातो,” एवढीच त्यांची तक्रार होती. दात दुखत नव्हता, एक्स-रेमध्ये मुळाभोवती काही नव्हतं. कॅप बदलायची, बस्स. शेजारचा ११ नंबर धडधाकट, नैसर्गिक दात होता.

दंतवैद्यांना माहीत असतं की पुढच्या एकट्या दाताची कॅप हे सगळ्यात अवघड काम आहे. सहा कॅप एकदम करायच्या तर सगळ्या एकमेकींसारख्या होतात. एकटी असली की शेजारचा खरा दात तिची रोज परीक्षा घेतो. मलाही हे माहीत होतं, तरी मी नेहमीसारखंच काम केलं.

जुनी कॅप कापून काढली. आत दाताचा खुंट काळपट तपकिरी निघाला. तो नीट घासला, माप घेतलं, आणि मग शेडगाइड, म्हणजे दातांच्या रंगछटांच्या नमुना-टॅबचा संच, हातात घेतली. तोपर्यंत बाईंचं तोंड चाळीसेक मिनिटं उघडं होतं. त्यातली फिकट ए १ जुळते असं वाटलं. खुर्चीचा दिवा चालू ठेवून मोबाईलने दोन फोटो काढले, लॅबला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि सोबत लिहिलं: ‘२१, ए १, लिथियम डायसिलिकेट’. कॅप काढण्याआधीचा एकही फोटो काढला नाही. ही चूक पुढे दोनदा भोवली.

अडचण

पहिली कॅप आली आणि तोंडात बसवताच राखाडी दिसली. लिथियम डायसिलिकेट हे सिरॅमिक प्रकाश बराच आरपार जाऊ देतं, खऱ्या दातासारखं दिसण्याचा त्याचा गुण तोच. पण खाली काळा खुंट असेल तर तो काळेपणाही वर येतो. लॅबला खुंटाचा रंग माहीतच नव्हता, कारण खुंटाचा फोटो मी पाठवलाच नव्हता.

लॅबला फोन करून सांगितलं, “राखाडी मारतेय, आणि थोडी पिवळसर हवी.” त्यांनी त्यांच्या परीने योग्य तेच केलं. दुसरी कॅप एकसंध झिर्कोनियाची, म्हणजे जास्त अपारदर्शक सिरॅमिकची, ए २ शेडमध्ये केली. काळेपणा झाकला गेला, पण दात चुन्याने रंगवलेल्या भिंतीसारखा दिसायला लागला. शेजारच्या ११ च्या कडेला निळसर पारदर्शक पट्टी आहे, मध्यभागी किंचित दुधी डाग आहे. कॅपमध्ये यातलं काहीच नव्हतं. कॅप थोडी पुढे आल्यासारखीही वाटत होती. ती पक्की न करता मी तात्पुरत्या सिमेंटने बसवली आणि बाईंना म्हणालो, “चार दिवस वापरून बघा.”

तिसऱ्या दिवशी बाईंचा सेल्फी आला. खाली एकच ओळ: ‘डॉक्टर, पोरं विचारतात, दात नवीन बसवला का?’ मी विचार न करता तो सेल्फी तसाच लॅबला पुढे पाठवला. दहा मिनिटांत तंत्रज्ञांचा फोन आला, “डॉक्टर, दात ११ आहे का २१? फोटोत पेशंटच्या उजवीकडचा पांढरा दिसतोय. आणि आधीच्या फोटोत शेड टॅबवर काय लिहिलंय तेही वाचता येत नाही.”

सेल्फी नीट पाहिला तर मागच्या फळ्यावरची अक्षरं उलटी होती. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही मोबाईल आरशासारखाच उलटा साठवतात, काही सुलटा. त्या घोळात चुकीच्या दातावर काम होता होता राहिलं असं मी म्हणणार नाही, कारण साचा २१ चाच होता. पण ज्या माणसाने तो दात कधी बघितला नाही आणि फक्त माझ्या फोटोंवर काम करायचं होतं, त्याच्या हातात मी काय देत होतो, ते त्या फोनने स्वच्छ कळलं.

त्या रात्री मी आधीचे दोन मोबाईल फोटो मोठ्या पडद्यावर उघडून बसलो. त्यात चार गोष्टी बिघडल्या होत्या.

पहिली, अंतर. मोबाईल तोंडापासून वीतभरावर धरला होता. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. इतक्या जवळून ती मधले दोन दात फुगवून दाखवते आणि सुळे मागे पळवते. आकाराचा अंदाज त्यावरून घेणं व्यर्थच.

दुसरी, प्रकाश. खुर्चीच्या दिव्याचा उजेड, खिडकीतला उजेड आणि मोबाईलचा फ्लॅश असे तीन प्रकाश एकत्र आले होते. भिंत फिकट पिवळी, बाईंची साडी केशरी. मोबाईलने त्यातून आपल्या मनाने रंग ठरवला. दोन फोटो एकाच मिनिटात काढलेले, तरी एकात दात पिवळट आणि दुसऱ्यात निळसर.

तिसरी, वेळ. दात कोरडा पडला की पांढरा दिसायला लागतो. दाताच्या कवचातल्या सूक्ष्म फटींतलं पाणी उडतं, प्रकाश आत जाण्याऐवजी विखुरतो. हे काही मिनिटांत सुरू होतं आणि मूळ रंग परत यायला अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त लागतो. चाळीस मिनिटांनी निवडलेली माझी ए १ ही कोरड्या पडलेल्या दाताची शेड होती.

चौथी गोष्ट साधीच होती. शेड टॅब दाताच्या पुढे धरली होती. फ्लॅशच्या जवळची वस्तू जास्त उजळ दिसते, त्यामुळे टॅब आणि दात यांची तुलनाच होत नव्हती. त्यावर व्हॉट्सअ‍ॅपने फोटो दाबून लहान केला.

समोर असलेले पर्याय

पहिला विचार बाईंना पुण्याला लॅबमध्ये पाठवण्याचा. तंत्रज्ञाने दात प्रत्यक्ष बघावा यासारखं दुसरं काही नाही. पण एसटीने जायला तीन तास, यायला तीन तास, आणि शाळेत वार्षिक परीक्षा तोंडावर. शिवाय खुंट बघायचा तर तात्पुरती कॅप काढावी लागणार, आणि ते काम लॅबमध्ये व्हायला नको. मला सोबत जाणं शक्य नव्हतं. हा पर्याय मी अनिच्छेने सोडला.

शेड मोजणारं यंत्र घेण्याचाही विचार केला. ते दाताला टेकवलं की शेडचा आकडा देतं. पण माझी अडचण फक्त आकड्याची नव्हती. कडेची पारदर्शक पट्टी, दुधी डाग, खुंटाचा काळेपणा आणि पृष्ठभागाची नक्षी यातलं काही तो आकडा सांगत नाही. किंमतही माझ्या दवाखान्याला न झेपणारी.

शेजारच्या ११ वर व्हिनीअर, म्हणजे पुढच्या बाजूला चिकटवायचं पातळ कवच, लावून दोन्ही दात एकसारखे करावेत, असं एका मित्राने सुचवलं. दिसायला ते सोपं होतं. पण माझ्या फोटोंची चूक झाकायला धडधाकट दात घासायचा, हे मला पटलं नाही. बाईंना हा पर्याय आहे एवढं सांगितलं, आणि मी तो का सुचवत नाही तेही सांगितलं.

उरले दोन मार्ग: मोबाईलच नीट वापरायचा किंवा कॅमेरा वापरायचा. मोबाईलला बाहेरून ठराविक प्रकाश देता येतो, अंतर वाढवून झूम वापरता येतो, आणि त्यातून बऱ्यापैकी काम होतं. मात्र बरेच मोबाईल वस्तू जवळ आली की न सांगता झूमची लेन्स सोडून मुख्य लेन्सवर जातात, आणि रंगावर स्वतःचे संस्कार करतात. या केसमध्ये आणखी एक धोका पत्करायला जागा नव्हती.

जिल्ह्याच्या गावी माझे एक सीनियर ऑर्थोडॉन्टिस्ट आहेत. तारा लावणारे लोक फोटोंशिवाय जगत नाहीत, प्रत्येक रुग्णाचा ठराविक संच त्यांना लागतोच. त्यांच्याकडे जुना क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, रिंग फ्लॅश आणि आरसे असा सगळा सरंजाम होता. “पंधरा दिवस घेऊन जा,” ते म्हणाले, “पण आरसा ऑटोक्लेव्हमध्ये टाकताना कापडात गुंडाळ. चरा पडला तर नवा आणून द्यायचा.”

काय केलं

कॅमेरा आणल्यावर बाईंना लगेच बोलावलं नाही. दोन संध्याकाळी माझ्या सहायक ताईंचेच फोटो काढले, आणि ते बरं झालं, कारण पहिले वीसेक फोटो फुकट गेले.

सीनियरनी कागदावर लिहून दिलं होतं: सगळं मॅन्युअल, तोंडाच्या आतल्या फोटोंना एफ/२२, १/१२५ सेकंद, आयएसओ २००. लेन्सचं छिद्र इतकं बारीक ठेवायचं कारण, मधल्या दातापासून दाढेपर्यंत सगळं एका वेळी स्पष्ट दिसावं लागतं. छिद्र बारीक केल्याने फोटो किंचित मऊ पडतो, पण मागची दाढ धूसर होण्यापेक्षा ते परवडतं. चेहऱ्याच्या फोटोंना माणूस लांब असतो आणि फ्लॅशचा जोर कमी पोचतो, म्हणून तिथे छिद्र मोठं, एफ/११.

प्रकाशाची परीक्षा त्यांनी फार छान सांगितली. याच सेटिंगवर फ्लॅश बंद करून एक फोटो काढायचा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. आला, तर खोलीतला कुठलाही उजेड फोटोत शिरत नाही, जो रंग येतो तो फक्त फ्लॅशचा. माझ्या फोटोत वरच्या कोपऱ्यात फिकट उजेड दिसला, कारण खुर्चीचा दिवा बंद करायचा राहिला होता. दिवा बंद केल्यावर फ्रेम काळी झाली. एवढं केलं की भिंत पिवळी असो वा हिरवी, फारसा फरक पडत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून फ्लॅशला जुळणारा, ५५०० केल्विनच्या आसपास ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही.

फ्लॅशही ऑटोवर चालला नाही. दातांमागे काळी पट्टी ठेवली की कॅमेऱ्याला वाटतं दृश्य अंधारं आहे, तो फ्लॅश वाढवतो आणि दात जळून पांढरे होतात. पट्टी काढली की तेच दात पुन्हा सावळे. म्हणून फ्लॅशचा जोर हाताने एक चतुर्थांशवर बांधला आणि करडं कार्ड दातांच्या पातळीत धरून चाचणी फोटो घेतला.

बाई आल्या त्या दिवशी सकाळची पहिली वेळ त्यांना दिली होती. लिपस्टिक नको, एवढं आधी सांगितलं होतं. आल्या आल्या पाणी प्यायला दिलं आणि पाच मिनिटांत, कशालाही हात लावण्याआधी, शेडचे फोटो घेतले. ए २, ए ३ आणि बी २ अशा तीन टॅब एकेक करून धरल्या. टॅबची कडा दाताच्या कडेला टेकवून, त्याच पातळीत, टॅबवरचं नाव दिसेल अशी. सहायक ताईंना दोनदा सांगावं लागलं, “पुढे नको, थोडी मागे.” शेवटी त्याच म्हणाल्या, “सर, तुम्ही वाकताय म्हणून ती पुढे दिसतेय.” खरंच होतं. मी वरून वाकून फोटो घेत होतो. गुडघ्यावर बसलो तेव्हा लेन्स दातांच्या सरळ समोर आली.

मग पोलरायझर लावला. फ्लॅशसमोर एक फिल्टर आणि लेन्ससमोर त्याच्या काटकोनात दुसरा. दातावरची चमक पूर्ण नाहीशी होते आणि आतला रंग उघडा पडतो. हा फोटो बघून मी क्षणभर थबकलो. ११ चा दुधी डाग मला एक वाटत होता, तो दोन आडव्या रेषांचा होता. मात्र पोलरायझर प्रकाश बराच खातो, म्हणून फ्लॅशचा जोर वाढवावा लागतो. शिवाय चमक गेली की पृष्ठभागाची नक्षीही जाते. म्हणून लॅबला दोन्ही फोटो लागतात: एक रंगासाठी, एक नक्षीसाठी. रिंग फ्लॅशचे गोल ठिपके नेमके मधल्या दातांवर पडून नक्षी झाकत होते. नक्षीच्या फोटोंसाठी कॅमेरा किंचित बाजूला आणि वर नेला, म्हणजे ठिपके सरकले आणि उभ्या खाचा दिसायला लागल्या. तिसरा फोटो काळ्या पट्टीवर, मुद्दाम एक पायरी अंधारा घेतला. कडेची निळसर पट्टी किती रुंद आहे ते त्यात दिसतं.

रंगाचं झाल्यावर नेहमीचा संच घेतला. चेहऱ्याचे तीन: ओठ मिटून, हसून आणि बाजूने. तोंडाच्या आतले पाच: समोरून, उजवीकडून, डावीकडून, आणि आरशात वरची व खालची कमान. क्रॉप सेन्सरवर पूर्ण कमानीला लेन्सवरचा मॅग्निफिकेशनचा आकडा १:३ ठेवला. त्यात सुमारे ६७ मिलिमीटर रुंदीचं दृश्य मावतं. पुढच्या चार दातांसाठी १:१.५. फोकस लेन्सने करायचा नाही, आकडा कायम ठेवून स्वतः मागेपुढे सरकायचं. मग सहा महिन्यांनी काढलेला फोटोही त्याच मापाचा येतो.

आरसा कोमट पाण्यात बुडवून घेतला, तरी श्वासाने धुकं धरत होतं. ताईंनी कडेने हवेची पिचकारी हळू धरली. हे आरसे पुढच्या पृष्ठभागावर मुलामा दिलेले असतात. साधा आरसा वापरला तर प्रत्येक दाताची दुसरी पुसट प्रतिमा येते.

खरा धक्का वरच्या कमानीच्या फोटोत बसला. दुसरी कॅप शेजारच्या दातापेक्षा स्पष्ट पुढे होती. मी हे सगळं रंगासाठी करत होतो, आणि फोटोत सापडला जाडीचा प्रश्न. काळा खुंट झाकायला पुढच्या बाजूला पुरेशी जाडी लागते. मी खुंट पुरेसा घासला नव्हता, म्हणून लॅबने जाडी बाहेरच्या बाजूला काढली. तंत्रज्ञावर दोनदा वैतागलो होतो त्याची त्या क्षणी लाज वाटली.

इथे एक निर्णय घ्यायचा होता. खुंट आणखी घासला तर रूट कॅनाल झालेला दात कमकुवत होणार, न घासला तर कॅप एकतर फुगणार किंवा काळी पडणार. एक्स-रे आणि खुंटाचा फोटो शेजारी ठेवून पाहिलं. पुढच्या बाजूला जेमतेम अर्धा मिलिमीटर काढण्याइतका दात होता. टाळूकडच्या बाजूला हात लावला नाही. तेवढं घासून नवं माप घेतलं. खुंटाचा फोटो त्याच्या वेगळ्या शेड टॅबसह घेतला.

फोटो लॅबला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले, म्हणजे ते दाबले जात नाहीत. मूळ रॉ फाइल स्वतःकडे तशाच ठेवल्या.

बाईंना फोटो दाखवताना

फोटो काढल्यावर ते बाईंना पडद्यावर दाखवले. त्यात मी उत्साहाच्या भरात चूक केली: सुरुवातच चार दातांच्या मोठ्या फोटोने केली. दात पडद्यावर ताटाएवढा दिसत होता. बाई एकदम म्हणाल्या, “अहो, हिरडी दोन्हीकडे सारखी नाही! हे तुम्ही कॅप काढल्यावर झालं का?”

२१ ची हिरडी ११ पेक्षा साधारण एक मिलिमीटर वर होती. माझ्या आठवणीत ती पहिल्यापासूनच तशी होती, जुन्या कॅपची काळी कड त्यामुळेच तर उघडी पडली होती. पण दाखवायला काही नव्हतं. बाईंनी मोबाईलमधला भावाच्या लग्नातला फोटो काढला. त्यात हसताना ओठाने हिरडी झाकलेली. म्हणजे तोही पुरावा नाही, ना माझ्या बाजूने ना त्यांच्या. “पहिल्या दिवशी फोटो काढायला हवा होता, मी काढला नाही,” एवढंच मी म्हणालो.

मग त्यांचा हसतानाचा चेहऱ्याचा फोटो लावला. त्यात हिरडी दिसतच नव्हती. ओठाची रेषा खाली आहे, मोकळं हसल्यावरही हिरडीची कड ओठाखालीच राहते. हिरडीची छोटी शस्त्रक्रिया करता येते, तिचे फायदे-तोटे सांगितले. बाईंनी दोन मिनिटं तो फोटो बघितला आणि म्हणाल्या, “जे दिसतच नाही त्यासाठी सुई कशाला?” हिरडीला हात न लावण्याचा निर्णय चेहऱ्याच्या फोटोमुळे झाला. आधी तो दाखवला असता तर मधला ताण टळला असता. आता मी आधी चेहरा, मग सगळे दात, आणि शेवटी मोठा फोटो या क्रमाने दाखवतो.

काळ्या खुंटाचा फोटोही दाखवला. पहिली कॅप राखाडी का पडली ते त्यांना एका नजरेत समजलं. आधी मी ते दोनदा तोंडी समजावलं होतं, आणि त्यांना ती सबब वाटली होती.

निकाल

तिसरी कॅप झिर्कोनियाच्या अपारदर्शक गाभ्यावर पुढून पोर्सेलीनचे थर देऊन केली. चकाकी देण्याआधीच्या टप्प्यावर लॅबने ती पाठवली. ओल्या दातांवर बसवून, त्याच सेटिंगवर फोटो काढून परत पाठवले. तंत्रज्ञ म्हणाले, “कडेची पट्टी थोडी रुंद झालीय, आणि दुधी रेषांपैकी खालची फिकी करतो.” माझ्या डोळ्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. चार दिवसांनी अंतिम कॅप आली आणि पक्की केली.

खिडकीच्या उजेडात, समोर बसून बोलताना कुठला दात खोटा ते ओळखू येत नाही. पोलरायझरच्या फोटोत मात्र येतं: हिरडीजवळ कॅप किंचित जास्त तांबूस आहे. ते बाईंनाही दाखवलं. सहा महिन्यांनी त्याच मापाने, त्याच सेटिंगवर फोटो काढले, हिरडीची रेषा तिथेच आहे. पहिल्या दोन कॅपचा खर्च मी सोसला.

केस मांडताना

पुढे आमच्या स्थानिक दंतवैद्यांच्या बैठकीत ही केस मांडायला सांगितलं. स्लाइड केल्या: डावीकडे पहिल्या कॅपचा मोबाईल फोटो, उजवीकडे तिसऱ्या कॅपचा डीएसएलआर फोटो. बघणारे वाहवा म्हणतील अशी जोडी. आदल्या दिवशी सीनियरना दाखवली. ते म्हणाले, “आधीच्या फोटोत दिवा चालू, ओठ सुकलेले, मोबाईल वीतभरावर. नंतरच्या फोटोत काळी पार्श्वभूमी आणि मॅक्रो. यात कॅप सुधारली का कॅमेरा, कसं कळणार?” ती जोडी काढून टाकली. दुसऱ्या कॅपचा त्याच कॅमेऱ्याने, त्याच मापाने काढलेला फोटो ‘आधी’ म्हणून ठेवला. जोडी कमी दिपवणारी झाली, पण खरी झाली. पहिल्या कॅपचा फोटो वेगळ्या स्लाइडवर, ‘हा मोबाईलने काढलेला, तुलनेसाठी नाही’ असं लिहून दाखवला.

आरशातल्या कमानीचा फोटो सुलटा करायचा राहिला होता. तोही त्यांनीच पकडला. आरशातला फोटो उलटवला नाही तर डावा-उजवा बदलतो, आणि २१ ची केस ११ ची होऊन बसते. सेल्फीचा प्रसंग होऊनही मी तेच पुन्हा केलं होतं.

बाईंची संमती घेतली होती, उपचारासाठी वेगळी आणि मांडण्यासाठी वेगळी, दोन्ही लेखी. मांडताना चेहरा दाखवायचा नाही असं ठरलं होतं. डोळ्यांवर काळी पट्टी लावून चेहरा दाखवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण छोट्या गावात ओळखणारा हनुवटीवरूनही ओळखतो. हसण्याच्या फोटोतून फक्त ओठ आणि दात कापून घेतले. एवढी काळजी घेतली, आणि बैठकीत लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडल्यावर स्लाइड उघडण्याआधी फोल्डर उघडलं. फोल्डरला बाईंचं पूर्ण नाव होतं. पाच-सहा सेकंद ते भिंतीवर झळकलं. समोर बसलेल्यांपैकी एकाची बायको त्याच शाळेत आहे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बाईंना फोन करून हे सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, “दात चांगला दिसला ना? मग झालं.” पण त्या हसल्या नसत्या तर मला बोलायला जागा नव्हती. आता मांडायच्या फोटोंचं फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर, केस क्रमांकाने असतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच भेटीत, तपासणीनंतर लगेच, दहा मिनिटं काढून आठ फोटो घ्यायला हवे होते. वरच्या कमानीचा एक फोटो असता तरी दाताची ठेवण आणि जागा आधी कळली असती. खुंटाचा फोटो गेला असता तर लॅबने पहिल्याच दिवशी दुसरं साहित्य सुचवलं असतं, असं तंत्रज्ञ स्वतः म्हणाले.

महागडा कॅमेरा नसता तरी बरंच टळलं असतं, हेही खरं. शेड आधी घेणं, दात ओला असणं, खुर्चीचा दिवा बंद, टॅब दाताच्या पातळीत आणि नाव दिसेल अशी, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणं, याला पैसे लागत नाहीत. मी आता वापरलेला कॅमेरा विकत घेतला आहे, पण दाढेची साधी कॅप असेल तर मोबाईलच काढतो. एकट्या पुढच्या दाताला आणि हिरडीच्या कामाला कॅमेरा.

दोन गोष्टींवर मी अजून ठाम नाही. खुंट आणखी अर्धा मिलिमीटर घासला तो योग्यच होता का, हे पाच-दहा वर्षांनी दात सांगेल. आणि पोलरायझरमध्ये दिसणारा हिरडीजवळचा तांबूस फरक बाईंना दाखवायला हवा होता का, यावर सीनियरचं आणि माझं अजून पटत नाही. ते म्हणतात, “नुसत्या डोळ्यांना न दिसणारा दोष दाखवून काय मिळवलंस?” मी म्हणतो, तो उद्या फोटोत वाढला तर ‘आधीपासून होता’ असं म्हणायला आता जागा आहे.

हिरडीच्या बाबतीत ती जागा मला नाही. बाईंच्या फाइलमध्ये आज एकोणतीस फोटो आहेत. त्यातला तारखेने सगळ्यात जुना फोटो जुनी कॅप कापून काढल्यानंतरचा आहे.